फोटोतील राजपत्र अधिसूचना मराठीत आणताना पोट-नियम, खंड आणि व्याख्यांकित शब्द कसे सांभाळावेत?

नवीपेठ_लेखनिक

गड्डा यात्रेत फुगे, कागदी-प्लास्टिकचे झेंडे आणि गोड खाऊ विकणाऱ्या काही सोलापुरी विक्रेत्यांसाठी मी एका केंद्रीय अधिसूचनेचा मराठी अनुवाद करीत आहे. अधिसूचना पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालयाची, दिनांक १२ ऑगस्ट २०२१ ची, म्हणजे प्लास्टिक कचरा व्यवस्थापन (सुधारणा) नियम, २०२१ ही आहे. विक्रेत्यांकडे तिची छापील प्रत होती आणि कोणीतरी तिचे फोनवरून फोटो काढून मला पाठविले आहेत. पान मधोमध वाकलेले असल्यामुळे डावा समास कुठे सुरू होतो हे कळत नाही, त्यामुळे कोणता उपविभाग कोणाच्या पोटात आहे हे केवळ जागेवरून ठरविता येत नाही.

माझी खरी अडचण पुढीलप्रमाणे आहे. एका ठिकाणी असे म्हटले आहे की पोट-नियम (२) मधील (बी) च्या तरतुदी कंपोस्टयोग्य प्लास्टिकच्या वस्तूंना लागू होणार नाहीत. पण फोटोत एकमेकांजवळ दोन (बी) दिसतात, आणि त्यातला कोणता येथे अभिप्रेत आहे यावर फुग्याची काडी चालेल की नाही हे अवलंबून आहे. शिवाय मूळ इंग्रजीत मालासाठी तीन-चार वेगवेगळे शब्द येतात आणि मराठीत मला प्रत्येक वेळी 'वस्तू' हाच शब्द सुचतो. अशा कामाची शिस्त काय असते, हे जाणकारांनी सांगावे.

शेंगाचटणी

अनुवाद पूर्ण झाल्यावर तो फ्लेक्सवर छापून यात्रेत लावणार असाल, तर फ्लेक्सची जाडी आधी मोजून घ्या. नाहीतर बंदीची माहिती देणारा फलकच बंदीत सापडेल.

चाटीगल्लीचा_व्यापारी

हा विषय आमच्या दुकानात रोज चर्चेला येतो, म्हणून लिहितो. माझ्या माहितीप्रमाणे शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ ताटे, वाट्या, पेले आणि बॅनर यांवर बंदी आहे आणि त्याहून जाड असतील तर अडचण नाही. मला एका ग्राहकाने मराठीत टाईप केलेला कागद दाखविला होता, त्यात सगळी यादी दिल्यानंतर शेवटी 'शंभर मायक्रॉनपेक्षा कमी' असे लिहिले होते. दुसरे म्हणजे, लेखनिक साहेब, तुम्ही पोट-नियम, खंड असे शब्द वापरण्याऐवजी सरळ 'कलम' लिहा. गिऱ्हाइकाला कलम म्हटले की कळते.

राजपत्रवाचक

लेखनिक यांचा प्रश्न चांगला आहे आणि व्यापारी यांच्या प्रतिसादात त्याचे एक उत्तर नकळत आले आहे, म्हणून दोघांना मिळून लिहितो. मी अनेक वर्षे विधी अनुवादाचे काम केले आहे.

पहिली गोष्ट अशी की ही सुधारणा करणारी अधिसूचना आहे आणि अशा प्रत्येक अधिसूचनेत दोन स्वतंत्र शिड्या असतात. एक शिडी अधिसूचनेच्या स्वतःच्या परिच्छेदांची असते, जी सांगते की मूळ नियमांत कुठे काय बदलायचे आहे. दुसरी शिडी अवतरणचिन्हांच्या आत असते, आणि ती मूळ २०१६ च्या नियमांत जाऊन बसणाऱ्या मजकुराची असते. नियम ४ विषयीच्या परिच्छेदात अधिसूचना आपले स्वतःचे (ए) आणि (बी) असे दोन भाग पाडते. त्यातला (बी) फक्त एवढेच सांगतो की पोट-नियम (१) नंतर पुढील पोट-नियम समाविष्ट करण्यात येतील. त्याच्या पुढे अवतरणचिन्ह उघडते, आणि आत जो पोट-नियम (२) आहे त्याला स्वतःचे (ए) आणि (बी) असे दोन खंड आहेत. तुम्हाला फोटोत दिसणारे दोन (बी) हेच आहेत. बाहेरचा (बी) हा राजपत्राच्या पानावरचा निर्देश आहे. मूळ नियमांत बदल उतरला की त्याचे काम संपते. सूट देणारे वाक्यही अवतरणाच्या आतच, पोट-नियम (३) म्हणून येते, म्हणून त्यातला निर्देश आतल्याच शिडीकडे जातो. तो बाहेरच्या (बी) कडे जाऊच शकत नाही.

फोटोत समास दिसत नाही तेव्हा समासावर अवलंबून राहू नये. विरामचिन्हे पाहावीत. 'पुढीलप्रमाणे' या अर्थाचा शब्द आणि त्यापुढे अपूर्णविराम-रेघ आली की आपण एक पायरी खाली उतरतो. अर्धविराम आला की त्याच पायरीवर राहतो. अवतरणचिन्ह उघडले की शिडी बदलते आणि ते बंद होईपर्यंत आपण दुसऱ्या शिडीवर असतो. वाकलेल्या पानाच्या फोटोत नेमकी ही अवतरणचिन्हेच सावलीत जातात, म्हणून अनुवाद सुरू करण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर केवळ क्रमांक आणि विरामचिन्हे उतरवून सांगाडा तयार करावा; एकही शब्द लिहू नये. प्रत्येक उघडलेले अवतरण कुठे बंद झाले हे त्या सांगाड्यात दाखविता येत नसेल, तर फोटो अपुरा आहे असे समजावे.

या सांगाड्याप्रमाणे नियम ४ चा मजकूर मराठीत साधारणपणे असा बसेल:

"(२) पॉलिस्टायरीन व प्रसरित पॉलिस्टायरीन यांसह पुढील एकल-वापर प्लास्टिक वस्तूंची निर्मिती, आयात, साठा, वितरण, विक्री आणि वापर यांस दिनांक १ जुलै २०२२ पासून मनाई असेल:—

(क) प्लास्टिकच्या काड्या असलेले कान-कोरणे, फुग्यांसाठी प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकचे झेंडे, गोळ्यांच्या काड्या, आइस्क्रीमच्या काड्या, सजावटीसाठी पॉलिस्टायरीन [थर्माकोल];

(ख) ताटल्या, कप, पेले, काटे, चमचे, सुऱ्या यांसारखी खाण्याची साधने, स्ट्रॉ, ट्रे, मिठाईच्या खोक्यांभोवतीची, निमंत्रणपत्रिकांभोवतीची आणि सिगारेटच्या पाकिटांभोवतीची आवेष्टन किंवा वेष्टन फिल्म, प्लास्टिकचे किंवा पीव्हीसीचे शंभर मायक्रॉनपेक्षा कमी जाडीचे बॅनर, ढवळण्या.

(३) पोट-नियम (२) च्या खंड (ख) च्या तरतुदी, कंपोस्टयोग्य प्लास्टिकपासून बनविलेल्या वस्तूंना लागू असणार नाहीत."

आता फुग्याच्या काडीचे उत्तर मिळते. ती खंड (क) मध्ये आहे आणि सूट फक्त खंड (ख) ला आहे, म्हणजे या अधिसूचनेच्या शब्दांनुसार कंपोस्टयोग्य प्लास्टिकची ताटली सुटते पण त्याच प्लास्टिकची फुग्याची काडी सुटत नाही. अनुवादकाने दोन्ही खंड सपाट करून एकच यादी केली असती, किंवा 'वरील तरतुदी लागू नाहीत' असे मोघम लिहिले असते, तर काडीही सुटली असती आणि विक्रेत्याने दंड भरला असता.

व्यापारी यांनी पाहिलेल्या कागदात दुसरा प्रकार घडला आहे. इंग्रजीत 'शंभर मायक्रॉनपेक्षा कमी' हे विशेषण बॅनर या शब्दाच्या पाठोपाठ आणि स्वल्पविरामाच्या आत येते, त्यामुळे ते बॅनरलाच चिकटते. मराठीत विशेषण नामाच्या आधी जाते. अनुवादकाने ते यादीच्या शेवटी मोकळे सोडले, आणि ताटे-पेल्यांनाही जाडीची अट लागली आहे असा भास निर्माण झाला. मूळ मजकुरात ताटल्यांना जाडीची कोणतीही अट नाही. कितीही जाड असली तरी एकदा वापरून टाकायची प्लास्टिकची ताटली मनाईत येते.

चाटीगल्लीचा_व्यापारी

मग एकशे वीस मायक्रॉन कुठून आले? ते तर अधिकारी स्वतः सांगून गेले होते.

राजपत्रवाचक

ते पिशव्यांचे आहे आणि त्याच अधिसूचनेत आहे, पण पोट-नियम (१) च्या तिसऱ्या खंडात आहे. त्यानुसार हाताळणीच्या पिशव्यांची, म्हणजे कॅरीबॅगची, जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून पंचाहत्तर मायक्रॉनपेक्षा आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून एकशे वीस मायक्रॉनपेक्षा कमी असता कामा नये. शंभर बॅनरसाठी आणि एकशे वीस पिशव्यांसाठी, अशा दोन वेगळ्या पोट-नियमांतील दोन वेगळ्या अटी आहेत.

'कलम' या शब्दाविषयी मात्र मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही. अधिनियमाचे असते ते कलम, आणि नियमांचा असतो तो नियम. याच अधिसूचनेच्या सुरुवातीच्या भागात पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ च्या कलम ३, ६ आणि २५ अन्वये मिळालेल्या अधिकारांचा उल्लेख आहे. खाली नियम ३ मध्ये व्याख्या आहेत. दोन्हींना कलम म्हटले तर 'कलम ३' हा अधिनियमातला अधिकार आहे की व्याख्यांचा नियम आहे, हे वाचकाला कळणार नाही. अधिनियमाखाली कलम, पोट-कलम, खंड, उपखंड. नियमांखाली नियम, पोट-नियम, खंड, उपखंड. ही उतरंड भाषा संचालनालयाच्या कोशांमुळे स्थिर झालेली आहे आणि ती मोडण्याचे कारण नाही.

जिल्हा_न्यायालयातून

मी येथील न्यायालयात वकिली करते. राजपत्रवाचक यांनी सांगाड्याविषयी जे लिहिले आहे ते योग्य आहे, पण त्यांनी मूळ (ए) आणि (बी) यांचे (क) आणि (ख) केले आहेत, आणि येथे मला गंभीर आक्षेप आहे. शासकीय परिपत्रके आणि निर्णय वाचून आपल्या लोकांना (अ), (ब), (क), (ड) या क्रमाची सवय आहे. त्या क्रमात (क) हा तिसरा खंड आहे, आणि आपल्या क्रमात पहिला. पिशव्यांच्या जाडीचा जो खंड आपण आताच सांगितला तो मूळ इंग्रजीत (सी) आहे. आपल्या पद्धतीत तो (ग) होईल आणि परिपत्रकाच्या पद्धतीत (क) होईल. एखाद्या विक्रेत्याने पंचनाम्याच्या कागदावर 'नियम ४(१)(क)' असे वाचले, तर तो कोणता खंड उघडून पाहील?

माझे म्हणणे असे आहे की मूळ अक्षरे जशीच्या तशी ठेवावीत. फार तर ती देवनागरीत (ए), (बी), (सी) अशी लिहावीत. न्यायालयात, दंडाच्या पावतीवर आणि नोटिशीत इंग्रजी निर्देशच येतात, आणि वाचकाला मूळ कागदाशी ताडून पाहता आले पाहिजे. भाषेची शुद्धता ही नंतरची गोष्ट आहे.

तेलुगू_घर_मराठी_दार

वकील ताईंच्या म्हणण्याला माझा पाठिंबा आहे, आणि त्याचे कारण वेगळे आहे. आमच्या पूर्व भागात यंत्रमाग आणि विडीच्या घरांमध्ये मराठी बोलली जाते, पण वृद्ध मंडळी तेलुगू वाचतात, आणि अक्कलकोटच्या बाजूचे विक्रेते कन्नड वाचतात. उद्या याच कागदाचे तेलुगू आणि कन्नड अनुवाद झाले आणि प्रत्येकाने आपापल्या वर्णमालेने खंड मोजले, तर एका टपरीवर उभे असलेले तीन माणसे एकाच खंडाला तीन नावांनी हाक मारतील.

शेंगाचटणी

त्यात पोलीस मराठीत आणि दंडाची पावती इंग्रजीत असल्यामुळे चौथे आणि पाचवे नाव आपोआप तयार होईल.

राजपत्रवाचक

अक्षरांचा मुद्दा मी मान्य करतो, पण पूर्णपणे नाही. राज्याच्या अधिनियमांच्या प्राधिकृत मराठी पाठांत खंडांना (क), (ख), (ग) आणि उपखंडांना (एक), (दोन), (तीन) अशी परंपरा आहे, आणि ज्यांना पुढे मराठी अधिनियमांशी ताडून वाचायचे आहे त्यांना तीच सोयीची पडते. मात्र एखाद्या कामात एकदा एक पद्धत धरली की ती शेवटपर्यंत पाळली पाहिजे, आणि पहिल्या पानावर ती सांगितली पाहिजे. विक्रेत्यांसाठीच्या अनौपचारिक अनुवादात मूळ अक्षर ठेवण्यास माझा विरोध नाही. (अ), (ब), (क), (ड) ला मात्र विरोध आहे, कारण तो क्रम (क) या एका अक्षरामुळे दोन्ही पद्धतींत गोंधळ घालतो.

मूळ अक्षर ठेवायचे ठरविल्यास आणखी एक सापळा आहे. नियम ३ मधील व्याख्या इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने लावलेल्या आहेत, आणि सुधारणेने त्यात मधेच नवे खंड घातले आहेत. 'एकल-वापर प्लास्टिक वस्तू' ही व्याख्या खंड (व्ही) नंतर (व्हीए) म्हणून येते. येथील व्ही हे अक्षर आहे, पण रोमन पाच हा अंकही तसाच दिसतो. फोटोवरून काम करणारा माणूस ते 'पाच-क' असे करून टाकतो आणि व्याख्या शोधणाऱ्याला मूळ नियमांत पाचवा खंड उघडावा लागतो. अक्षर की रोमन अंक हे त्याच्या शेजाऱ्यांवरून ठरवावे. आधी (यू) आणि नंतर (डब्ल्यू) असेल तर ते अक्षर आहे. आधी रोमन चार असेल तर अंक आहे. फोटोत शेजारी कापला गेला असेल तर ठरवू नये, पूर्ण पान मागवावे.

होटगीरोडकर

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमच्या कारखान्यातून टेरी टॉवेल पारदर्शक पिशवीत सीलबंद होऊन निर्यातीला जातात. ही पिशवी एकशे वीस मायक्रॉनची असली पाहिजे का? तसेच आम्हाला एका सल्लागाराने सांगितले की आम्ही 'उत्पादक' आहोत म्हणून नोंदणी लागेल, आणि दुसऱ्याने सांगितले की उत्पादक म्हणजे प्लास्टिकचे दाणे बनविणारी कंपनी. दोघांनीही मराठी अनुवादच दाखविला होता.

जिल्हा_न्यायालयातून

आपला प्रश्न अनुवादाचा धागा सोडून गेला आहे असे वाटेल, पण तो व्याख्यांचाच प्रश्न आहे. मूळ २०१६ च्या नियमांत हाताळणीच्या पिशवीची व्याख्या आहे, आणि तिच्यातून अशा पिशव्या वगळल्या आहेत ज्या वापरापूर्वी माल सीलबंद करण्याच्या वेष्टनाचाच अविभाज्य भाग असतात. टॉवेलची सीलबंद पिशवी त्या वगळलेल्या भागात बसते असा युक्तिवाद करता येईल. मात्र वेष्टन म्हणून इतर जबाबदाऱ्या लागू असू शकतात, त्यामुळे एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की अनुवादात कुठे 'कॅरीबॅग', कुठे 'पिशवी' आणि कुठे 'प्लास्टिक थैली' असे लिहिले असेल, तर ही वगळणूक कोणत्या शब्दाला लागू आहे हेच कळत नाही.

राजपत्रवाचक

'उत्पादक' या शब्दाचा घोटाळा मी अनेक अनुवादांत पाहिला आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो. २०१६ च्या नियमांत दोन वेगळ्या व्यक्तींची व्याख्या आहे आणि इंग्रजीत त्यांना दोन वेगळे शब्द आहेत. एक, म्हणजे 'प्रोड्यूसर', पिशव्या, बहुस्तरीय वेष्टन किंवा प्लास्टिक शीट बनविणारा किंवा आयात करणारा, आणि त्यात आपल्या मालाच्या वेष्टनासाठी अशी शीट वापरणारे उद्योगही येतात. दुसरा, म्हणजे 'मॅन्युफॅक्चरर', प्लास्टिकचा कच्चा माल तयार करणारा. मराठीत दोघांनाही सहजपणे उत्पादक म्हटले जाते, आणि होटगीरोडकर यांचे दोन्ही सल्लागार आपापल्या परीने खरे बोलत होते. त्यांच्या कागदावर दोन व्याख्या एका शब्दात कोसळल्या होत्या.

मी पहिल्याला 'उत्पादक' आणि दुसऱ्याला 'निर्माता' असे ठेवतो. येथे मूळ इंग्रजी आणखी एक गंमत करते. उत्पादकाची व्याख्या 'निर्मिती' या क्रियेने केली आहे आणि निर्मात्याची व्याख्या 'उत्पादन' या क्रियेने. अनुवादकाला वाटते की हे उलटे झाले आहे आणि तो सरळ करायला जातो. सरळ करू नये. ज्या क्रियापदासाठी 'निर्मिती' ठरविले आहे तिथे निर्मितीच लिहावे, म्हणूनच मी वर पोट-नियम (२) मध्ये 'उत्पादन, आयात, साठा' न लिहिता 'निर्मिती, आयात, साठा' असे लिहिले आहे.

'वस्तू' विषयी लेखनिक यांनी विचारले होते. 'कमॉडिटी' हा २०१६ च्या नियमांत व्याख्या केलेला शब्द आहे, त्यामुळे 'वस्तू' हा शब्द त्याच्यासाठी राखून ठेवावा. एकल-वापर प्लास्टिक वस्तूच्या व्याख्येत 'आयटम' येतो, त्याला 'जिन्नस' म्हणता येईल, आणि 'गुड्स' ला 'माल'. व्याख्यांकित नसलेल्या शब्दाला व्याख्यांकित शब्दाचे मराठी नाव देऊ नये, एवढे पाळले तरी पुष्कळ चुका टळतात. कंपोस्टयोग्य या शब्दालाही हेच लागू आहे. त्याच्याऐवजी 'विघटनशील' लिहिले तर दुसऱ्या प्रकारच्या प्लास्टिकला सूट मिळते, ज्याचा उल्लेख या पोट-नियमात नाही.

चाटीगल्लीचा_व्यापारी

पण हे सगळे शब्द मला अधिसूचनेच्या फोटोत दिसतच नाहीत. उत्पादकाची व्याख्या तिथे नाही, पिशवीचीही नाही.

राजपत्रवाचक

बरोबर आहे. सुधारणा अधिसूचनेत फक्त नव्या व्याख्या येतात. जुन्या व्याख्या मूळ नियमांत असतात, आणि ते मूळ नियम कुठे छापले होते हे अधिसूचनेच्या अगदी शेवटी लहान अक्षरांतील टिपेत दिलेले असते. या अधिसूचनेच्या बाबतीत ती टीप १८ मार्च २०१६ च्या जी.एस.आर. ३२०(ई) या क्रमांकाच्या अधिसूचनेकडे बोट दाखवते. फोटो काढणारे बहुधा सहीपर्यंतच फोटो काढतात आणि टीप सोडून देतात. अनुवादकाने शब्दांची वही तयार करताना मूळ नियमांतील नियम ३ संपूर्ण वाचला पाहिजे, त्यातील प्रत्येक शब्दासमोर एकच मराठी शब्द लिहिला पाहिजे, आणि मगच सुधारणेला हात घातला पाहिजे.

जाता जाता, हिंदी शीर्षावरील सा.का.नि. ५७१(अ) या अधिसूचना क्रमांकातील (अ) म्हणजे असाधारण राजपत्र. तो खंड अ नव्हे. एका अनुवादात मी 'नियम ५७१ चा खंड (अ)' असे वाचले आहे.

शेंगाचटणी

पाचशे एकाहत्तर नियम असते तर गड्डा यात्रेत फक्त वकिलांचे स्टॉल लागले असते.

नवीपेठ_लेखनिक

सर्वांचे आभार. मी सांगाडा तयार केला आणि दोन्ही शिड्या वेगळ्या झाल्या. सूट देणाऱ्या वाक्यातला निर्देश आतल्या (बी) कडेच जातो हे आता दाखविता येते. आणखी दोन ठिकाणी अडलो आहे. आइस्क्रीमच्या काड्यांच्या आधी 'प्लास्टिकच्या' हा शब्द नाही, पण फुग्याच्या काड्यांच्या आधी तो आहे. एक विक्रेता विचारतो की मग लाकडी काडीही बंद झाली का. आणि फोटो पुन्हा कसे काढून घेऊ, म्हणजे असे प्रश्न कमी होतील?

जिल्हा_न्यायालयातून

लाकडी काडी बंद झालेली नाही. यादीच्या वर जे मुख्य वाक्य आहे त्यातच 'एकल-वापर प्लास्टिक वस्तू' असे शब्द आहेत आणि ते खालील प्रत्येक शब्दावर राज्य करतात. दुसऱ्या पानाचा फोटो जर (ए) पासून सुरू होत असेल तर ते वाक्य वाचकाच्या नजरेतून निसटते आणि यादी एकटी उरते. अनुवाद पानांवर विभागताना मुख्य वाक्य आणि त्याची यादी यांच्यात पान तुटू देऊ नका, आणि तुटलेच तर पुढच्या पानाच्या वर 'नियम ४, पोट-नियम (२) पुढे चालू' असे लिहा. आइस्क्रीमच्या काडीपुढे स्वतःहून 'प्लास्टिकच्या' हा शब्द मात्र घालू नका. मूळात नसलेला शब्द घालण्यापेक्षा मांडणीने अर्थ टिकवावा.

फोटोसाठी पुस्तक किंवा पान सपाट दाबून, दिवसाच्या उजेडात, फोन पानाच्या नेमका वर धरून, चारही कोपरे चौकटीत येतील असे एका पानाचे एकच चित्र घ्यावे, आणि ते संदेशातून चित्र म्हणून न पाठविता फाइल म्हणून पाठवावे, कारण चित्र म्हणून पाठविले की ते दाबले जाते आणि अर्धविरामाचा टिंब आणि स्वल्पविराम यांतला फरक पुसतो. राजपत्राची मूळ प्रत egazette.gov.in वर मिळते, तेव्हा फोटोवर शंका असेल तिथे ती उघडून ताडावी.

राजपत्रवाचक

केंद्रीय राजपत्रात हिंदी पाठ इंग्रजीच्या आधी छापलेला असतो, आणि इंग्रजी फोटोत एखादा क्रमांक सावलीत असेल तर हिंदी पाठातील त्याच जागेचा सांगाडा उपयोगी पडतो. शब्द मात्र तिथून उचलू नयेत. हिंदीत 'उपनियम' आणि 'विनिर्माता' म्हणतात. मराठीत पोट-नियम आणि निर्माता. अर्धा अनुवाद इंग्रजीवरून आणि अर्धा हिंदीवरून केला की एकाच कागदात उपनियम आणि पोट-नियम दोन्ही दिसू लागतात, आणि वाचकाला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात.

विक्रेत्यांना देण्याआधी दोन ओळी वर अवश्य लिहा. हा अनुवाद प्राधिकृत नाही, आणि तो १२ ऑगस्ट २०२१ च्या मजकुराचा आहे. या नियमांत २०२२ पासून पुढेही सुधारणा झालेल्या आहेत, त्यामुळे आज दुकानात काय ठेवावे हे ठरविण्यासाठी अद्ययावत एकत्रित पाठ पाहावा लागेल. केंद्रीय कायद्याचा प्रादेशिक भाषेतील पाठ प्राधिकृत ठरण्यासाठी १९७३ च्या प्राधिकृत पाठ (केंद्रीय विधी) अधिनियमाची प्रक्रिया आहे, आणि आपला अनुवाद कितीही चांगला असला तरी तो त्या प्रक्रियेतून गेलेला नाही.

होटगीरोडकर

आपल्याकडे राज्याची बंदी तर २०१८ पासूनच आहे, मग २०२१ च्या केंद्रीय कागदावर एवढी मेहनत कशाला?

जिल्हा_न्यायालयातून

राज्याची २३ मार्च २०१८ ची अधिसूचना वेगळ्या अधिनियमाखाली, म्हणजे २००६ च्या महाराष्ट्र अविघटनशील कचरा (नियंत्रण) अधिनियमाखाली आहे. दोन्ही कागद विक्रेत्याला लागू होऊ शकतात, पण एकातील व्याख्या दुसऱ्यात वापरता येत नाही. लेखनिक यांनी दोन्हींच्या शब्दवह्या वेगळ्या ठेवाव्यात, आणि राज्याच्या कागदातील शब्द ओळखीचा वाटला म्हणून येथे आणू नये.

नवीपेठ_लेखनिक

शेवटचा एक प्रश्न. पोट-नियम (४) म्हणतो की, या अधिसूचनेनंतर काढलेली मनाईची कोणतीही अधिसूचना 'तिच्या प्रसिद्धीच्या दिनांकापासून' दहा वर्षे संपल्यानंतर अंमलात येईल. 'तिच्या' म्हणजे कोणाच्या? या अधिसूचनेच्या की त्या नव्या अधिसूचनेच्या? एका वाचनात सर्व नव्या बंदी २०३१ च्या ऑगस्टनंतर केव्हाही लागू होऊ शकतात, आणि दुसऱ्या वाचनात प्रत्येक नव्या बंदीला आपली स्वतंत्र दहा वर्षे मिळतात.

राजपत्रवाचक

व्याकरणाने दुसरे वाचन अधिक जवळचे आहे, कारण वाक्याचा कर्ता नवी अधिसूचना आहे आणि 'तिच्या' हे सर्वनाम कर्त्याकडे जाते. माझे मत तसे आहे.

जिल्हा_न्यायालयातून

मला ते तितके स्पष्ट वाटत नाही. मूळ इंग्रजी वाक्यात सर्वनामाच्या सर्वांत जवळ 'या अधिसूचनेनंतर' या अर्थाचे शब्द आहेत, आणि समोरचा वकील तेच दाखवील. म्हणजे इंग्रजीतच सर्वनाम मोकळे आहे. मराठीत दोन्ही अधिसूचना स्त्रीलिंगी असल्यामुळे 'तिच्या' लिहिले की मूळची संदिग्धता जशीच्या तशी उतरते, आणि अनुवादकाने येथे तेच करावे. 'या अधिसूचनेच्या' किंवा 'त्या अधिसूचनेच्या' असे लिहून तो निवाडा देऊन बसेल.

राजपत्रवाचक

'तिच्या' ठेवण्यास माझी हरकत नाही. अर्थाविषयी मात्र आपले मतभेद राहतील.